एक नाव, दोन फायली

`DSC_0412.JPG` आणि `DSC_0412.jpg` ही दोन नावे एकाच फाइलची की दोन वेगळ्या फायलींची, हे ती कोणत्या डिस्कवर आहेत यावर ठरते. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर या दोन स्वतंत्र फायली आहेत आणि त्या एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. विंडोजच्या लेखी मात्र हे एकच नाव आहे, फक्त दोन तऱ्हांनी लिहिलेले. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या डिस्कवरचा फोल्डर दुसऱ्या प्रकारच्या डिस्कवर कॉपी केला की दोन फायलींना एकाच जागेवर बसावे लागते आणि त्यातली एक जाते. पुष्कळदा हे कसलाही आवाज न होता घडते.

अशी जोडी तयार व्हायला फार काही करावे लागत नाही. बहुतेक डिजिटल कॅमेरे फोटोच्या नावाचा शेवट कॅपिटल अक्षरांत, म्हणजे `.JPG` असा करतात. तोच फोटो कातरून, उजळवून पुन्हा साठवला की अनेक प्रोग्रॅम स्मॉल अक्षरांत `.jpg` लावतात. लिनक्सवर काम करणाऱ्याच्या फोल्डरमध्ये मग मूळ फोटो आणि सुधारलेला फोटो शेजारी शेजारी राहतात, आणि दोन्ही सुरक्षित आहेत असे त्याला वाटते. त्या डिस्कपुरते ते खरेही असते.

लिनक्सच्या `ext4` सारख्या फाइल सिस्टिमला फाइलचे नाव म्हणजे अक्षरे वाटतच नाहीत. तिच्यासाठी ती नुसती अंकांची रांग. कॅपिटल J साठी ७४ हा अंक आहे आणि स्मॉल j साठी १०६. दोन अंक वेगळे, म्हणून दोन नावे वेगळी. वाचणाऱ्याला ते एकाच अक्षराचे दोन अवतार वाटतात, ही गोष्ट यंत्राच्या गावी नसते. नावात तिरकी रेघ `/` आणि शून्य हा अंक एवढे दोनच चालत नाहीत, बाकी सगळे चालते. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये घडलेल्या युनिक्सची ही रीत लिनक्सने जशीच्या तशी उचलली.

विंडोजची परंपरा डॉसची. डॉसमध्ये फाइलचे नाव आठ अक्षरांचे, त्यापुढे तीन अक्षरांची शेपटी, आणि डिस्कवर सगळे कॅपिटलमध्येच उमटत असे. वापरणाऱ्याने स्मॉलमध्ये टाइप केले तरी फरक पडत नसे. विंडोज ९५ पासून लांब नावे आली आणि लिहिणाऱ्याने ज्या अक्षरांत नाव दिले ती अक्षरे जपली जाऊ लागली. पण शोधताना दोन्हींना एकच मानण्याची जुनी सवय तशीच राहिली. याचा अर्थ विंडोज कॅपिटल-स्मॉलचा फरक विसरत नाही. तो लिहून ठेवतो, दाखवतो, फक्त जुळणी करताना मोजत नाही. गोंधळाचे मूळ नेमके इथे आहे. पडद्यावर फरक दिसत असल्यामुळे तो मानलाही जात असेल, असा समज होतो.

ही जुळणी कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर `$UpCase` नावाची एक लपलेली फाइल असते. तिच्यात ६५,५३६ नोंदींचा तक्ता असतो आणि प्रत्येक नोंद सांगते की या चिन्हाचे कॅपिटल रूप कोणते. दोन नावांची तुलना करताना दोन्हींमधले प्रत्येक चिन्ह या तक्त्यातून काढले जाते आणि मग जे उरते ते ताडून पाहिले जाते. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर सर्रास आढळणाऱ्या एक्सफॅटमध्येही असाच तक्ता असतो. म्हणून पेन ड्राइव्ह लिनक्सच्या संगणकाला लावला तरी त्यावर विंडोजचाच नियम चालतो. नियम बहुतेक वेळा डिस्कच्या घडणीबरोबर येतो, ती कोणत्या संगणकाला लावली आहे यावर तो अवलंबून नसतो. हे लक्षात न घेतल्याने अनेक जण 'लिनक्समधूनच लिनक्समध्ये कॉपी केली, मग फाइल गेली कुठे' असे विचारत बसतात. मधल्या पेन ड्राइव्हचा त्यांना विसर पडलेला असतो.

आता प्रत्यक्ष कॉपी पाहू. समजा `sahal` या फोल्डरमध्ये कॅमेऱ्यातून आलेले ३०० फोटो आहेत आणि त्यांतले ४० सुधारून `.jpg` नावाने पुन्हा साठवले आहेत. एकूण फायली ३४०. त्यातली एक जोडी आकारासह अशी दिसते:

```
$ stat -c "%s  %n" sahal/DSC_0412*
961204  sahal/DSC_0412.jpg
8214530  sahal/DSC_0412.JPG
```

मूळ फोटो आठ एमबीच्या आसपास, सुधारलेला एक एमबीहून थोडा कमी. पेन ड्राइव्हवर `sahal` नावाचाच रिकामा फोल्डर तयार आहे आणि कॉपीची आज्ञा दिली जाते:

```
$ cp sahal/* /media/usb/sahal/
$ stat -c "%s  %n" /media/usb/sahal/DSC_0412*
8214530  /media/usb/sahal/DSC_0412.jpg
```

एकही चूक दाखवली गेली नाही, आणि फाइल एकच उरली. तिचे नाव सुधारलेल्या फोटोचे आहे, आकार मात्र मूळ फोटोचा. घडले ते असे. आधी `DSC_0412.jpg` कॉपी झाली आणि त्या नावाची जागा तयार झाली. नंतर `DSC_0412.JPG` ची पाळी आली. `cp` ने पेन ड्राइव्हला विचारले, या नावाची फाइल आहे का? पेन ड्राइव्हने तक्ता पाहून सांगितले, आहे. तेव्हा `cp` ने ती उघडली, आतला मजकूर पुसला आणि नवा भरला. उघडलेल्या फाइलचे नाव बदलण्याचे त्याला काही कारण नव्हते, म्हणून जुने नाव राहिले. जुन्या घराच्या दारावरची पाटी तशीच राहावी आणि आत दुसरेच बिऱ्हाड यावे, तसा हा प्रकार.

या उदाहरणात सुधारलेला फोटो गेला. पण `*` या खुणेतून निघणारी नावांची क्रमवारी संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवर अवलंबून असते. इंग्रजीच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये अशा जोडीतले स्मॉल नाव आधी येते. सर्व्हरवर अनेकदा असणाऱ्या `C` या सेटिंगमध्ये कॅपिटल आधी. तिथे हीच आज्ञा दिली तर पेन ड्राइव्हवर `DSC_0412.JPG` उरेल आणि तिच्यात ९,६१,२०४ बाइट असतील, म्हणजे मूळ फोटो जाईल. दोन संगणकांवर एकच आज्ञा आणि उलट निकाल, हे पाहून भलेभले चक्रावतात.

आज्ञा थोडी बदलली तर वागणूकही बदलते. पूर्ण फोल्डर एकदम पाठवण्यासाठी `cp -r sahal /media/usb/` असे लिहिले आणि पेन ड्राइव्हवर तो फोल्डर आधी नसला, तर `cp` नवा फोल्डर स्वतः तयार करतो. आपणच आत्ता केलेल्या फोल्डरमध्ये आधीचे काही असणार नाही असे तो गृहीत धरतो, आणि दुसऱ्या फाइलशी गाठ पडताच तक्रार करतो:

```
cp: cannot create regular file '/media/usb/sahal/DSC_0412.JPG': File exists
```

इथे पहिली फाइल शाबूत राहते, दुसरी कॉपीच होत नाही, आणि निदान ओरड तरी होते. पण आठवड्याने बॅकअप म्हणून हीच आज्ञा पुन्हा दिली की फोल्डर आधीच हजर असतो. मग `cp` ला 'आहे ती फाइल बदलायची' हे नेहमीचे काम वाटते आणि ते तो मुकाट्याने करतो. पहिल्या खेपेला तक्रार आली आणि दुसऱ्या खेपेला आली नाही, याचा अर्थ अडचण मिटली असा अजिबात नाही. उलट दुसरी खेप जास्त धोक्याची.

आतापर्यंतच्या नुकसानीत एक दिलासा होता: मूळ डिस्कवर दोन्ही फायली जागेवर होत्या. कॉपीऐवजी `mv` वापरले, किंवा फाइल मॅनेजरमध्ये कट-पेस्ट केले, तर तो दिलासाही जातो. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवणे म्हणजे कॉपी करून मूळ पुसणे. पहिली फाइल पेन ड्राइव्हवर पोचली आणि मूळ जागेवरून पुसली गेली. दुसरीने पेन ड्राइव्हवर तिची जागा घेतली आणि तीही मूळ जागेवरून पुसली गेली. पहिली फाइल आता कुठेच नाही.

विंडोजकडून कॉपी सुरू केली तर एक्सप्लोरर विचारतो: या नावाची फाइल आहे, बदलायची, सोडायची की ताडून पाहायची? प्रश्न प्रामाणिक आहे, पण रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करणाऱ्याला तो असंबद्ध वाटतो. आधीच्या अर्धवट कॉपीतले काहीतरी उरले असेल असे समजून माणूस सगळ्यांसाठी 'बदला' हा पर्याय निवडतो. झिप फाइल उघडतानाही हेच. लिनक्सवरची `unzip` आज्ञा `replace` असे विचारते आणि कॅपिटल `A` दाबले की पुढच्या सगळ्या प्रश्नांना परस्पर होकार जातो. नव्या, रिकाम्या जागी कॉपी करताना 'फाइल आधीच आहे' असा प्रश्न येणे हीच या दोषाची सर्वांत स्पष्ट खूण आहे. तिथे थांबून जोडी शोधायला हवी.

फोल्डरांच्या नावांनाही हाच नियम लागतो, फक्त परिणाम वेगळा दिसतो. `Bills` आणि `bills` असे दोन फोल्डर असतील तर विंडोजच्या डिस्कवर ते एकमेकांत मिसळतात. आतल्या फायलींची नावे वेगळी असली तर काहीच हरवत नाही, पण दोन ढीग एक होतात आणि कोणता कागद कोणत्या ढिगातला हे नंतर कळत नाही.

एनटीएफएसची एक्स्टर्नल डिस्क लिनक्सच्या संगणकाला लावून कॉपी केली तर आणखी निराळा चमत्कार होतो. ज्या घडणीबरोबर नियम येतो असे वर म्हटले, तिला हा मोठा अपवाद. एनटीएफएस रचतानाच युनिक्सच्या पद्धतीची नावे साठवण्याची सोय ठेवली होती, कारण १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये युनिक्सच्या धाटणीचे प्रोग्रॅम चालवण्याची व्यवस्था होती. लिनक्समधला `ntfs-3g` हा ड्रायव्हर, वेगळे काही सांगितले नाही तर, याच सोयीचा वापर करतो. त्यामुळे दोन्ही फायली डिस्कवर खरोखर लिहिल्या जातात, मोजदादही ३४० च भरते. मग ती डिस्क विंडोजला लावली जाते. एक्सप्लोररमध्ये दोन्ही नावे दिसतात, पण कोणत्याही नावावर क्लिक केले तरी एकच फोटो उघडतो. दुसरा फोटो डिस्कवर असतो, यादीत असतो, आणि तरी हाती लागत नाही. अशा वेळी 'ही दुबार दिसते आहे' म्हणून एक पुसून टाकणे म्हणजे कोणती पुसली जाते याचा जुगार. डिस्क पुन्हा लिनक्सला लावून तिथे एकाचे नाव बदलणे हाच सरळ मार्ग.

फोटोंची जोडी अनवधानाने तयार होते. पण जाणूनबुजून केलेल्या जोड्याही आहेत आणि त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध खुद्द लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलच्या मूळ संहितेत आहेत. नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्या पाकिटांची चाळणी करणाऱ्या भागात अनेक वर्षे `xt_DSCP.c` आणि `xt_dscp.c` अशा दोन फायली नांदत आल्या. चाळणीच्या नियमांत पाकिटावरची खूण तपासणाऱ्या गोष्टीचे नाव स्मॉल अक्षरांत लिहायचे आणि खूण बदलणाऱ्या गोष्टीचे कॅपिटलमध्ये, असा तिथला संकेत. तोच फाइलच्या नावांत उतरला. एक फाइल खूण वाचते, दुसरी ती बदलते. कामे पूर्ण वेगळी. अशा डझनभर जोड्या त्या संहितेत आहेत. ही संहिता विंडोजच्या साध्या फोल्डरमध्ये आणली की प्रत्येक जोडीतली एक फाइल गळते.

ही संहिता बहुतेक जण गिट या साधनाने उतरवून घेतात. २०१८ च्या अखेरीस आलेल्या गिट २.२० पासून क्लोन करताना अशा जोड्यांची यादी दिली जाते आणि प्रत्येक गटातली एकच फाइल डिस्कवर आहे असा इशारा मिळतो. त्याआधी कळायची खूण एवढीच होती की, नुकत्याच उतरवलेल्या आणि हातही न लावलेल्या फायली `git status` मध्ये 'बदललेल्या' म्हणून दिसत. आजही दिसतात. गिटच्या नोंदीत दोन मजकूर असतात, डिस्कवर एकच सापडतो. त्यामुळे दुसऱ्या नावाखाली भलताच मजकूर आहे, म्हणजे कोणीतरी बदल केला, असा त्याचा निष्कर्ष. त्याच्या बाजूने तो बरोबरच आहे.

कॉपी करण्याआधी जोड्या शोधणे अवघड नाही. लिनक्सवर त्या फोल्डरमध्ये जाऊन एवढी एक ओळ पुरते:

```
find . | sort -f | uniq -iD
```

`find` सगळ्या फायली आणि फोल्डरांची नावे काढतो, `sort -f` कॅपिटल-स्मॉलचा भेद न करता ती लावतो, आणि `uniq -iD` त्याच नजरेने जी नावे एकसारखी ठरतात तेवढीच दाखवतो. काहीच छापले गेले नाही तर इंग्रजी अक्षरांपुरता रस्ता मोकळा आहे. É आणि é सारखी युरोपीय अक्षरे मात्र ही ओळ ओळखत नाही, आणि विंडोजचा तक्ता ओळखतो. तेवढी त्रुटी मनात ठेवावी.

कॉपी होऊन गेली असेल तर दोन्हीकडे `find . -type f | wc -l` चालवून आकडे ताडावेत. वरच्या उदाहरणात मूळ जागी ३४० आणि पेन ड्राइव्हवर ३०० येतील, आणि ४० चा फरक जोड्यांच्या संख्येशी तंतोतंत जुळेल. एकूण आकार ताडण्यापेक्षा संख्या ताडणे बरे. तीनशे मोठ्या फोटोंत चाळीस लहान फोटोंचा आकार सहज नजरेआड होतो. `rsync` वापरणाऱ्यांना आणखी एक खूण मिळते. काहीही बदललेले नसताना दुसऱ्या खेपेला ते गप्प बसायला हवे, पण जोडीतल्या फायली ते पुन्हा पुन्हा पाठवत राहते, कारण एकीचा मजकूर बसला की दुसरी जुळेनाशी होते.

उपाय म्हणून सर्वांत भरवशाचे काम म्हणजे जोडीतल्या एकाचे नाव कॉपीपूर्वीच बदलणे, उदाहरणार्थ `DSC_0412-edit.jpg`. फायली विंडोजवर उघडायच्या नसतील, पेन ड्राइव्ह फक्त वाहतुकीसाठी असेल, तर नावांना हात न लावता सगळा फोल्डर एकाच गठ्ठ्यात बांधता येतो:

```
tar -cf sahal.tar sahal
```

पेन ड्राइव्हच्या दृष्टीने ही एकच फाइल. आतली नावे तिला दिसत नाहीत, म्हणून टक्करही होत नाही. गठ्ठा सोडायचा तो मात्र पुन्हा लिनक्सच्या डिस्कवरच. `cp -n` या पर्यायाचा सल्ला बरेच जण देतात. त्याने आधीची फाइल पुसली जात नाही हे खरे, पण दुसरी फाइल कॉपी होत नाही ती नाहीच. पुसले जाण्याऐवजी राहून जाणे, एवढाच फरक.

विंडोजनेही २०१८ मध्ये थोडी वाट करून दिली. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून एनटीएफएसवरच्या एखाद्या फोल्डरपुरता लिनक्सचा नियम लागू करता येतो. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने ही आज्ञा द्यावी लागते, आणि फोल्डर नवा व रिकामा असलेला बरा:

```
fsutil file setCaseSensitiveInfo C:\sahal enable
```

हा नियम त्या एका फोल्डरपुरता असतो. आत आधीपासून असलेल्या फोल्डरांना तो आपोआप लागत नाही, आणि एक्सफॅटच्या पेन ड्राइव्हवर तर ही सोयच नाही. शिवाय विंडोजचे जुने प्रोग्रॅम दोन सारखी नावे पाहून अडखळू शकतात. लिनक्सने याच्या उलट सोय केली आहे. २०१९ च्या ५.२ या कर्नलपासून `ext4` वर रिकाम्या फोल्डरला `chattr +F` लावून विंडोजसारखी भेद न मानणारी जुळणी मिळवता येते, मात्र डिस्क तयार करतानाच तिच्यात ती क्षमता घातलेली हवी. वेगवेगळ्या दोन टोकांना उभे असलेले हे दोघे आता एकमेकांच्या अंगणात एकेक पाऊल टाकतात, तेही फोल्डरपुरते.

उलट दिशेने, म्हणजे विंडोजकडून लिनक्सकडे जाताना, काही पुसले जात नाही. तरी फाइल 'सापडत नाही'. विंडोजवर तयार केलेल्या वेबसाइटच्या पानात `Logo.png` लिहिलेले असते आणि फाइलचे खरे नाव `logo.png`. विंडोजवर चित्र नीट दिसते. लिनक्सच्या सर्व्हरवर चढवल्यावर त्या जागी तुटक्या चित्राची खूण येते. बॅकअपमध्ये याचाच आणखी एक प्रकार होतो. विंडोजवर `hishob.ods` चे नाव बदलून `Hishob.ods` केले आणि पुन्हा लिनक्सवर कॉपी केली, तर तिथे जुनी आणि नवी अशा दोन फायली होतात. जुनी कधीच ताजी होत नाही, आणि महिन्याभराने कोणीतरी नेमकी तीच उघडतो.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, त्यामुळे 'सहल' किंवा 'हिशोब' अशी मराठी नावे दिली तर नावाच्या त्या भागात ही टक्कर होऊच शकत नाही. शेवटची `.JPG` ची शेपटी मात्र इंग्रजीतच राहते, आणि फोटोंच्या जोडीत सगळा घोटाळा तिथेच होता. मराठीत वेगळाच एक पेच आहे. 'दुसऱ्या' मधला ऱ युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. दोन कीबोर्डांवर टाइप केलेली ही नावे पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात, पण नेहमीचे `ext4` आणि एनटीएफएस दोन्ही त्यांना वेगळीच मानतात. तिथे फाइल पुसली जात नाही, एकाच नावाच्या दोन फायली शेजारी दिसतात, आणि दोन्ही उघडतातही.